हवेच्या टाकीचे खरे लिटर : व्यास कळला, पण लांबी कोणती धरायची?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये दहा अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आणि उभी एअर रिसीव्हर टाकी आहे. नेमप्लेट गंजून गेली आहे. आतला व्यास ६०० मिमी आणि लांबी १८०० मिमी धरून मी हिशेब केला तर ५०९ लिटर येतात. ज्यांनी टाकी विकली ते ५०० लिटर म्हणतात आणि आमचा फॅब्रिकेटर म्हणतो की साडेपाचशेच्या वर असणार. कॉम्प्रेसर मिनिटाला प्रत्यक्ष किती हवा देतो याची, म्हणजे एफएडी चाचणी घ्यायची आहे, तर नेमके किती लिटर धरावेत?

उत्तर : आपला गुणाकार बरोबर आहे, पण तो दोन्ही बाजूंना सपाट झाकण असलेल्या डब्याचा आहे आणि हवेची टाकी तशी नसते, तिच्या दोन्ही टोकांना ‘डिश’ म्हणतात ती फुगीर झाकणे असतात. आपण सांगितलेली १८०० मिमी लांबी टाकीच्या कोणत्या दोन ठिकाणांमधली आहे त्यावर उत्तर ठरेल. ती एका डिशच्या बाहेरच्या माथ्यापासून दुसऱ्या डिशच्या माथ्यापर्यंत मोजली असेल तर टाकी सुमारे ४७७ लिटरची आहे, जिथे सरळ भाग संपून डिशचा बाक सुरू होतो त्या दोन रेषांमधली असेल तर ५६५ लिटरची आहे, आणि वेल्डच्या दोन आडव्या सांध्यांमधली असेल तर ५८८ लिटरची आहे. ५०९ हा आकडा या तिन्हींपैकी एकाही टाकीचा नाही. उभ्या टाकीला बाहेरून टेप लावणारा माणूस बहुधा पहिलीच लांबी मोजतो, म्हणून माझा कल ४७७ कडे आहे, पण खाली सांगितलेली मापे घेतल्याशिवाय तो आकडा चाचणीच्या कागदावर लिहू नका.

नळकांड्याच्या भागाचा हिशेब अगदी सोपा आहे. व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, व्यासाचा वर्ग करा, त्याला लांबीने आणि ०.७८५४ ने गुणा आणि दहा लाखांनी भागा, की लिटर मिळतात.

लिटर = ०.७८५४ × व्यास × व्यास × लांबी ÷ १०,००,०००

मी स्वतः दर वेळी हा पूर्ण गुणाकार करत बसत नाही. त्या व्यासाच्या नळकांड्यात एका मीटरला किती लिटर मावतात तेवढे एकदा काढून ठेवतो. ६०० मिमी आतल्या व्यासाला एका मीटरमध्ये २८२.७ लिटर, म्हणजे एका सेंटिमीटरला पावणेतीन लिटरहून थोडी जास्त हवा मावते. हा आकडा लक्षात ठेवला की लांबीत दहा सेंटिमीटरची चूक झाल्यास अठ्ठावीस लिटरचा फरक पडतो हे लगेच डोळ्यांसमोर येते, आणि मग लांबीकडे माणूस आपोआप नीट पाहतो.

आता डिशकडे येतो. टाकीची टोके फुगीर का करतात, तर ६०० मिमी व्यासाच्या टोकावर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाबाला जवळजवळ वीस टनांचा रेटा पडतो आणि सपाट पत्रा तो रेटा वाकल्याशिवाय घेऊ शकत नाही, घ्यायचा म्हटला तर खूप जाड करावा लागतो. म्हणून त्या दाबाच्या टाकीला घुमटासारखी डिश लावतात, आणि त्या घुमटात मावणारी हवा आपल्या सूत्रात कुठेच येत नाही. ती मोजण्यासाठी डिशच्या प्रत्येक प्रकाराचे वेगळे सूत्र आहे, पण कामाच्या जागी एकच नियम पुरतो : डिशची आतली खोली जेवढी असेल, तिच्या दोन तृतीयांश लांबीच्या नळकांड्याइतकी जागा त्या डिशमध्ये असते. अर्धगोल आणि लंबगोल डिशसाठी हा नियम भूमितीनेच तंतोतंत खरा आहे. आपल्याकडे छोट्या टाक्यांना जी तिसऱ्या प्रकारची डिश सर्रास लावतात, म्हणजे माथा मोठ्या त्रिज्येचा आणि कडेला लहान त्रिज्येचा बाक, तिच्यात कडेची त्रिज्या व्यासाच्या एक दशांश असेल तर तो एक-दोन टक्क्यांच्या आत खरा ठरतो. कडेचा बाक त्याहून लहान, डिश अधिक चपटी असेल तर नियम थोडे जास्त लिटर दाखवतो, पण एवढ्या मापाच्या टाकीत तो फरक तीन-चार लिटरांच्या पलीकडे जात नाही.

चांगल्या बनावटीच्या टाकीला बहुतेक वेळा दोनास एक प्रमाणाची लंबगोल डिश असते. तिची आतली खोली व्यासाच्या एक चतुर्थांश, म्हणजे आपल्या टाकीत १५० मिमी. तिचे दोन तृतीयांश म्हणजे १०० मिमी. याचा अर्थ एक डिश म्हणजे १०० मिमी नळकांडे, आणि दोन डिश म्हणजे २०० मिमी नळकांडे. लिटरमध्ये सांगायचे तर एका डिशमध्ये २८.३ आणि दोन्ही मिळून ५६.५ लिटर. डिशला अशा रीतीने लांबीत बदलून घेतले की पुढचा सगळा हिशेब एकाच लांबीचा राहतो. तिला मी ‘धरायची लांबी’ म्हणतो. एकदा ती ठरली की मीटरमागच्या लिटरांनी गुणले की काम झाले.

मात्र डिश आणि नळकांडे यांच्यामध्ये आणखी एक भाग असतो आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. डिश दाबून तयार करताना तिच्या कडेला २५ ते ५० मिमी उंचीचा सरळ पट्टा ठेवलेला असतो, जेणेकरून वेल्डचा सांधा बाकावर न येता सरळ भागावर यावा. फॅब्रिकेशनच्या दुकानात त्याला एसएफ, म्हणजे स्ट्रेट फ्लँज म्हणतात. त्यामुळे बाहेरून दिसणारा आडवा वेल्ड ही डिशची सुरुवात असली, तरी बाकाची सुरुवात नसते. बाक त्या वेल्डच्या पुढे पट्टा संपल्यावर सुरू होतो, आणि त्या रेषेला टॅन लाइन म्हणतात. सांध्यापासून सांध्यापर्यंतची लांबी धरली तर दोन्ही पट्टे हिशेबातून निसटतात, आणि ४० मिमीचे दोन पट्टे म्हणजे आपल्या टाकीत साडेबावीस लिटर.

ही टॅन लाइन डोळ्यांना दिसत नाही, रंगाखाली तर मुळीच नाही. ती शोधायची रीत अशी. तीनशे मिमीची सरळ पोलादी पट्टी वेल्डच्या जरा वर, टाकीच्या उंचीच्या दिशेने, पत्र्याला चिकटवून उभी धरा आणि पट्टीच्या मागून टॉर्चचा उजेड सोडा. पट्टी सरळ पट्ट्यावर बसलेली असेल तोवर मध्ये उजेड दिसणार नाही. जिथे डिश आत वळायला लागते तिथे पट्टी आणि पत्रा यांच्यात उजेडाची बारीक पाचर दिसू लागते. त्या पाचरीचे टोक हीच टॅन लाइन, खडूने खूण करा. वेल्डचा उंचवटा पट्टीखाली येऊ देऊ नका, नाहीतर पट्टी कलते आणि खूण दहा-पंधरा मिमी इकडेतिकडे होते. मी टाकीभोवती तीन जागी खूण करतो आणि मधली धरतो.

आता डिशची खोली. टाकीच्या माथ्यावर लेव्हल पट्टी आडवी ठेवा, तिचा बुडबुडा मध्यावर आणा आणि पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकापासून ओळंबा सोडून खडूच्या खुणेपर्यंतची उंची मोजा. माथ्यावर सेफ्टी व्हॉल्व्हचा सॉकेट असेल तर पट्टी त्याच्या शेजारी डिशच्या पत्र्यावर टेकवा, सॉकेटवर नको. मिळालेल्या उंचीतून डिशच्या पत्र्याची जाडी वजा केली की आतली खोली मिळते. आपल्या टाकीत ती १५० मिमीच्या आसपास आली तर डिश दोनास एक लंबगोल आहे. ११५ ते १२० आली तर ती कडेला लहान बाक असलेली चपटी डिश आहे आणि तिच्यात २८ ऐवजी २१ ते २२ लिटरच मावतात. डिशचा प्रकार ओळखता आला नाही तरी बिघडत नाही, खोली हाती आली की दोन तृतीयांशाचा नियम लागू होतो.

व्यासाबद्दल आपण ‘आतला’ असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही हे माप कुठून आले ते तपासून पाहा, कारण बंद टाकीचा आतला व्यास कोणी टेपने मोजू शकत नाही. हात घालायच्या झाकणातून मोजला असेल तर टेप तिरपी जाते आणि माप चुकते. बाहेरून परीघ मोजणे हा खात्रीचा मार्ग आहे. पोलादी टेप टाकीभोवती आडवी गुंडाळा, वेल्डपासून लांब तीन उंचींवर मापे घ्या, सरासरीला ३.१४१६ ने भागा. हा बाहेरचा व्यास. त्यातून पत्र्याची जाडी दोनदा वजा करा आणि रंगाचे थर जाड असतील तर अर्धा मिमी आणखी कमी करा. आपला आतला व्यास खरोखर ६०० असेल आणि पत्रा ६ मिमीचा असेल तर परीघ १९२३ ते १९२४ मिमी यायला हवा. तो १८८५ च्या आसपास आला तर समजा की ६०० हे बाहेरचे माप आहे, आतला व्यास ५८८ आहे, आणि वरचे सगळे लिटर चार टक्क्यांनी कमी करायचे आहेत.

परीघ मोजण्याला मी व्यास मोजण्यापेक्षा नेहमी वरचे स्थान देतो. पत्रा रोल करताना नळकांडे थोडे अंडाकृती होतेच, आणि कॅलिपर एका बाजूने ५९६ दाखवतो तर दुसऱ्या बाजूने ६०४. परीघ ही सगळी ओढाताण स्वतःच सरासरीत आणतो. शिवाय व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे व्यासात एक टक्का चूक झाली तर लिटरमध्ये दोन टक्के होते, पण टेपने परिघात पाच मिमीची चूक झाली तरी लिटरमध्ये ती अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहते.

पत्र्याची जाडी मात्र अंदाजाने घेऊ नका. अल्ट्रासॉनिक गेज आणणारा तपासनीस अर्ध्या तासात वीस-पंचवीस जागी वाचन घेऊन जातो. उभ्या टाकीत खालच्या डिशवर आणि खालच्या सांध्याच्या आसपास वाचने जास्त घ्यायला सांगा, कारण साठलेले पाणी तिथेच पत्रा खाते. सहा मिमीचा पत्रा कुठे साडेचारवर आला असेल तर लिटरमध्ये त्याचा फरक नगण्य आहे, पण ती टाकी ७ किलोवर चालवायची की नाही हा प्रश्न एफएडी चाचणीच्या आधीचा आहे, आणि त्याचे उत्तर सक्षम व्यक्तीकडून लेखी घ्यावे. नेमप्लेट नसलेल्या टाकीच्या बाबतीत मी याला कधीही सूट देत नाही.

आता आपल्या १८०० मिमीचा हिशेब एका धाग्यात पाहू. आतला व्यास ६००, पत्रा ६ मिमी, डिश दोनास एक, सरळ पट्टा ४० मिमी असे धरू. लांबी माथ्यापासून माथ्यापर्यंत बाहेरून मोजली असेल तर आधी दोन्हीकडचा पत्रा वजा केल्यावर आतून १७८८ राहतात. या लांबीत दोन्ही डिश पूर्ण खोलीने आलेल्या आहेत, पण त्यांची किंमत फक्त दोन तृतीयांश आहे, म्हणून प्रत्येक डिशमागे खोलीचा तिसरा हिस्सा, म्हणजे ५० मिमी, कमी करायचे. धरायची लांबी १६८८ मिमी, लिटर ४७७. लांबी टॅन लाइनपासून टॅन लाइनपर्यंत असेल तर तिच्यात दोन डिशचे २०० मिमी मिळवायचे, धरायची लांबी २०००, लिटर ५६५. लांबी सांध्यापासून सांध्यापर्यंत असेल तर आधी दोन पट्ट्यांचे ८० मिमी आणि मग डिशचे २००, धरायची लांबी २०८०, लिटर ५८८. आपला फॅब्रिकेटर साडेपाचशेच्या वर म्हणतो याचे कारण त्याच्या मनातली लांबी शेलच्या, म्हणजे नळकांड्याच्या पत्र्याची आहे, आणि तशी लांबी धरली तर तो बरोबरच बोलतो आहे. आपला आणि त्याचा आकडा एकाच टाकीचा असला तरी दोघांची पट्टी वेगवेगळ्या ठिकाणी लागली आहे.

विकणाऱ्याचे ‘५०० लिटर’ हा निराळा प्रकार आहे. तो टाकीचा नाममात्र आकार असतो, पाइपला जसे ‘एक इंची’ म्हणतात तसा. अशा आकड्यावर चाचणी घेतली की काय होते याचा एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पंधरा अश्वशक्तीचा दोन टप्प्यांचा पिस्टन कॉम्प्रेसर होता आणि कागदावर १००० लिटरची टाकी होती. हवा पुरत नाही अशी ओरड होती, पण देखभाल विभागाने घेतलेल्या चाचणीत कॉम्प्रेसर निर्दोष ठरत होता. टाकी रिकामी करून शून्यापासून ७ किलोपर्यंत भरायला ५ मिनिटे २० सेकंद लागत होती. या चाचणीचे सूत्र असे आहे की दाबातला फरक वातावरणाच्या दाबाने भागायचा, टाकीच्या घनफळाने गुणायचा आणि लागलेल्या वेळाने भागायचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्यामुळे तिथे वातावरणाचा दाब १.०३ नव्हे, तर सुमारे ०.९७ किलो धरावा लागतो. टाकीतली हवा ५० अंशांची आणि आत ओढली जाणारी ३२ अंशांची होती, म्हणून २७३ मिळवून ३०५ भागिले ३२३ ही दुरुस्ती. १००० लिटर धरले की उत्तर मिनिटाला १२७८ लिटर, म्हणजे मिनिटाला ४५ घनफूट किंवा ४५ सीएफएम येत होते. कॉम्प्रेसरच्या प्लेटवर ४६ होते. साहजिकच सगळे पाइपलाइनमधल्या गळतीच्या मागे लागले होते.

मी टाकीला टेप लावली. बाहेरचा व्यास ८१६ मिमी, पत्रा ८ मिमी, म्हणजे आत ८००. सांध्यांमधले अंतर १५००, पट्टे ४० मिमीचे, आणि डिशची आतली खोली १५५ मिमी. लंबगोल असती तर ती २०० आली असती, म्हणजे ही चपटी डिश होती. धरायची लांबी १५०० अधिक ८० अधिक दोन डिशचे मिळून २०७, एकूण १७८७ मिमी. ८०० मिमी व्यासाला मीटरमागे ५०२.७ लिटर, त्यामुळे टाकी ८९८ लिटरची निघाली. मग १००० कुठून आले? माथ्यापासून माथ्यापर्यंत बाहेरची लांबी १९०६ मिमी होती. बाहेरचा व्यास ८१६ आणि ही १९०६ साध्या सूत्रात घातली की ९९७ येतात. कोणीतरी टाकीची बाहेरची पेटी मोजून ती आतली जागा म्हणून लिहून ठेवली होती, आणि नंतर सगळ्यांनी तो आकडा मान्य केला होता.

८९८ लिटर धरल्यावर तोच वेळ, तोच दाब आणि तेच तापमान घेऊन कॉम्प्रेसर ४५ ऐवजी साडेचाळीस सीएफएम देत असल्याचे दिसले, म्हणजे प्लेटपेक्षा बारा टक्के कमी. दोन टप्प्यांमधल्या कूलरवरच्या गेजचा काटा नेहमीच्या सव्वादोन किलोऐवजी तीनच्या वर राहत होता. दुसऱ्या टप्प्याचा व्हॉल्व्ह हवा नीट धरत नसला की ती हवा पहिल्या टप्प्याच्या पुढे तुंबते आणि तो काटा वर चढतो. हेड उघडल्यावर दुसऱ्या टप्प्याच्या व्हॉल्व्हची एक पट्टी तडकलेली मिळाली. टाकीचे माप चुकल्यामुळे ती काही महिने तशीच चालत राहिली होती. आपल्या बाबतीत ४७७ ची टाकी ५०९ धरली तर चांगला नसलेला कॉम्प्रेसर जवळजवळ सात टक्क्यांनी चांगला दिसेल, आणि ५८८ धरली तर तेवीस टक्क्यांनी.

मापावर विश्वास बसत नसेल तर पाण्याने भरून पाहणे हा शेवटचा शब्द आहे. वरच्या प्रसंगात टाकीची पाण्याच्या दाबाने घेतात ती हायड्रो चाचणी लवकरच होणार होती, म्हणून भरताना नळीवर पाण्याचा मीटर बसवला आणि टाकी भरेपर्यंत ९०३ लिटर गेले. हिशेबातले ८९८, हात घालायच्या झाकणाच्या मानेतले दोनेक लिटर आणि मीटरची स्वतःची एक-दोन टक्के सूट लक्षात घेता यापेक्षा जवळचे उत्तर मागण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मीटर नसेल तर एका बादलीत किती लिटर मावतात ते आधी वजनकाट्यावर ठरवून घ्या आणि बादल्या मोजा, एक लिटर पाणी एक किलो धरले तर चूक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. भरताना माथ्यावरचा सर्वांत वरचा सॉकेट उघडा ठेवा आणि त्यातून पाणी बाहेर येईपर्यंत भरा, कारण सॉकेट डिशच्या मध्यावर नसेल तर माथ्याशी हवेचा खिसा अडकून राहतो आणि चार-सहा लिटर कमी दिसतात. आणि एक गोष्ट पाणी सोडण्याच्या आधी पाहा : हवेने भरलेल्या टाकीचे पाय जे वजन कधी उचलत नाहीत, ते पाणी भरल्यावर एकदम त्यांच्यावर येते. आपल्या टाकीत ते अर्ध्या टनाच्या आसपास असेल. पायांचे वेल्ड गंजलेले असतील किंवा टाकी पोटमाळ्यावर असेल तर तिथे पाणी भरू नका.

लहान सॉकेट, गेजची नळी, इंचभर पाइप यांचे लिटर मी सोडून देतो. मात्र कॉम्प्रेसर आणि टाकी यांच्यामध्ये हवा थंड करणारा आफ्टरकूलर आणि लांब पाइप असेल तर तोही चाचणीत दाबाखाली येतो, म्हणून त्याचे घनफळ टाकीत मिळवायला हवे. दीड इंची पाइपला मीटरमागे सुमारे १.३ लिटर धरा. टाकीच्या पुढचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, नाहीतर कारखान्याची सगळी पाइपलाइन आपल्या टाकीचा भाग होऊन बसते आणि वरचे सारे मोजमाप वाया जाते.

शेवटची गोष्ट पावसाळ्यात फार वेळा दिसते. टाकीत पाणी साठलेले असेल तर तेवढी हवेची जागा गेलेली असते. आपल्या टाकीत खालची डिश आणि तिचा सरळ पट्टा पाण्याने भरला तर जवळजवळ चाळीस लिटर कमी होतात, म्हणजे आठ टक्के. ड्रेन कॉक उघडल्यावर थेंबभर पाणी येऊन हवा सुटली याचा अर्थ टाकी कोरडी आहे असा नाही, कारण ड्रेनचा सॉकेट काही टाक्यांत डिशच्या तळाशी नसून कडेला काढलेला असतो, किंवा त्याची नळी आत वर आलेली असते, आणि त्याच्या खालचे पाणी कधीच बाहेर येत नाही. आतून ओल असलेला भाग ओळखायला मी लाकडी हातोडीने खालून वर हलके ठोके देत जातो, दाब पूर्ण सोडल्यानंतरच. पाण्यापर्यंत आवाज बोथट येतो आणि पाण्याच्या वर गेल्यावर पत्रा मोकळा वाजतो. ती रेषा सापडली तर तिची तळापासूनची उंची मोजा, ड्रेनची जागा दुरुस्त करून घ्या, आणि मगच स्टॉपवॉच हातात घ्या.